घूं करणारा रिसीव्हर आणि आतला छोटा आरोपी

वाचकहो, मागच्या दिवाळी अंकात आपण एसीच्या कॉम्प्रेसरबद्दल बोललो होतो. या वर्षी कशावर लिहायचं, हे मला ठरवावं लागलंच नाही. ते मार्च महिन्यात एका फोनने ठरवलं.

फोन आमच्या एका जुन्या मित्राच्या पत्नीचा होता. मित्र जाऊन आता नऊ वर्षं झाली. वहिनी मुलाकडे खोबरलाच राहतात आणि या डिसेंबरमध्ये कायमच्या नागपूरला परतणार आहेत. सामान आवरताना गच्चीवरच्या स्टोअररूममधून मित्राचा रिसीव्हर निघाला. "भावजी, यांचा रेडिओ सापडलाय. परवा लावून बघितला, तर नुसतं घूं घूं करतोय. दुकानदार म्हणाला, भंगारात द्या. तुम्ही एकदा बघता का? नागपूरला न्यायचा की इथेच ठेवायचा, तेवढं सांगा."

वहिनी ज्याला रेडिओ म्हणतात, तो म्हणजे 1970च्या दशकाच्या शेवटचा जपानी स्टीरिओ रिसीव्हर. एकाच पेटीत रेडिओचा ट्यूनर, प्रीअँप्लिफायर आणि दर चॅनेलला 45 वॅटचा पॉवर अँप्लिफायर. पुढे अ‍ॅल्युमिनियमचा चकचकीत चेहरा, मागे लाकडी खोका, वजन चांगलं चौदा-पंधरा किलो. त्या काळी खोबर, दम्माम, जेद्दाहच्या बाजारात पायोनियर, सान्सुई, मरँट्झ, अकाई ही नावं आपल्या लोकांच्या तोंडी होती. पहिल्या-दुसऱ्या वर्षीच्या बचतीतून असा एक सेट घ्यायचा आणि कधीतरी भारतात न्यायचा, हे बहुतेकांचं ठरलेलं. त्यांपैकी कितीतरी सेट अजून तुमच्या माळ्यावर, स्टोअरमध्ये किंवा गावच्या घरी असतील. म्हणून वहिनींच्या सेटचं काय झालं ते सविस्तर सांगतो. तुमचा सेट घूं करायला लागला, तर त्यात नेमकं काय बिघडलं असेल आणि तंत्रज्ञ काय बदलेल, हे तुम्हाला आधीच कळावं एवढाच हेतू.

असा सेट घूं करू लागला की पहिला संशय इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरवर जातो. आपले जुने मेकॅनिक त्याला कंडेन्सर म्हणतात. हा एक छोटा अ‍ॅल्युमिनियमचा डबा असतो. त्यात अ‍ॅल्युमिनियमच्या दोन पातळ पट्ट्या आणि मध्ये कागद अशी गुंडाळी असते, आपल्या सुरळीच्या वडीसारखी. कागद एका द्रवात भिजवलेला असतो आणि खालून रबरी बूच लावलेलं असतं. एका पट्टीवर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो. वीज अडवण्याचं काम तो थर करतो, आणि द्रव त्या थराला दुसऱ्या पट्टीशी जोडून ठेवतो. वीज साठवून हळूहळू सोडायची, हे या डब्याचं काम. भिंतीतली वीज सेकंदाला साठ वेळा मागेपुढे झुलते. ती एका दिशेची केल्यावरही तिच्यात लाटा उरतात. त्या लाटांमधल्या दऱ्या भरून काढायचं काम हे डबे करतात. ते थकले की दऱ्या भरत नाहीत आणि तीच लाट स्पीकरमधून ऐकू येते.

हे डबे दोन तऱ्हांनी म्हातारे होतात. पहिली तऱ्हा उष्णतेची. द्रव रबरी बुचातून वर्षानुवर्षं थोडा थोडा निसटतो, आतला कागद सुकतो, साठवण कमी होते आणि डब्याचा अंतर्गत रोध वाढतो. दुसरी तऱ्हा रिकामं बसण्याची. सेट वर्षानुवर्षं बंद राहिला की ऑक्साइडचा थर जागोजागी विरतो. मग अचानक पूर्ण दाब दिला तर थरातून वीज झिरपते, डबा तापतो, कधी फुटतोही. वहिनींच्या सेटने दोन्ही भोगलं होतं. पंचवीस वर्षं तो रोज वाजला, आणि मग नऊ वर्षं गच्चीवरच्या बिनएसीच्या खोलीत पडून राहिला. पूर्व प्रांतातल्या उन्हाळ्यात अशा खोलीत काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको.

वायर लावण्याआधी

मी पोचलो तेव्हा सेट जेवणाच्या टेबलावर होता आणि प्लग भिंतीतच होता. तो आधी काढला. वहिनींनी दहा सेकंद चालू करून लगेच बंद केला होता, ते फार बरं केलं होतं.

मग सेटच्या मागे पाहिलं. तिथे व्होल्टेज निवडण्याची खुंटी असते आणि तिच्याभोवती 110, 120, 220, 240 असे आकडे असतात. सौदीत राहणाऱ्याने हे आधी पाहायलाच हवं. इथल्या घरांत वर्षानुवर्षं 127 आणि 220 असे दोन्ही दाब होते, कधी एकाच घरात दोन्ही. 230 व्होल्टकडे जायचा निर्णय 2010 साली झाला आणि बदल टप्प्याटप्प्याने होत आहे. एखादा सेट 127 व्होल्टच्या घरात वाजून 120 च्या खुणेवरच माळ्यावर गेला असेल आणि आज तुम्ही तो 230 च्या प्लगमध्ये लावला, तर ट्रान्सफॉर्मर आत जवळपास दुप्पट दाब देतो. ज्या कपॅसिटरवर 50 व्होल्ट लिहिलंय त्याला 80 व्होल्ट मिळतात. मग निदान करायला काही उरत नाही. वहिनींचा सेट सुदैवाने 220 वर होता.

दुसरी काळजी म्हणजे सीरीज बल्ब. जुना तारेचा 60 वॅटचा बल्ब सेटच्या वायरच्या मार्गात एकसरीत जोडायचा. एलईडी बल्ब इथे चालत नाही. सेट चालू केल्यावर बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. कपॅसिटर भरले गेले असा त्याचा अर्थ. बल्ब प्रखर पेटूनच राहिला तर आत काहीतरी शॉर्ट आहे, लगेच बंद करावं. बल्ब मध्ये असल्यामुळे सेटला पूर्ण वीज मिळत नाही, आणि विरलेला ऑक्साइडचा थर सावकाश पुन्हा तयार व्हायला अवधी मिळतो. हे जोडकाम घरी हौसेने करू नका. तंत्रज्ञाकडे हा बल्ब पेटीत बसवलेला तयार असतो. माझ्याकडेही प्रयोगशाळेच्या दिवसांपासूनचा आहे.

वहिनींचा सेट लावला. बल्ब उजळला आणि दोन सेकंदांत मंद झाला. तासभर तसाच ठेवला. मंदपणा टिकला, वास नाही, धूर नाही. मग बल्ब काढून सेट सरळ लावला, आणि घूं आला.

कानाने काय कळतं

इथून पुढचं प्रत्येकाला जमण्यासारखं आहे, कारण त्यासाठी पेटी उघडावी लागत नाही.

पहिला प्रश्न, घूं कुठल्या सुराचा आहे? सौदीत वीज 60 हर्ट्झची आहे आणि ती एका दिशेची करताना लाटांची संख्या दुप्पट होते, म्हणून कपॅसिटरमुळे येणारा घूं 120 हर्ट्झचा असतो. पेटी वाजवणाऱ्यांना सांगायचं तर खर्जातल्या पांढरी सातच्या किंचित खाली. भारतात वीज 50 हर्ट्झची, तिथे हाच घूं 100 हर्ट्झवर, म्हणजे खर्जातल्या पांढरी पाचच्या आसपास येतो. याच्याही खालचा, 60 हर्ट्झचा जाडसर आवाज आला तर संशय बहुधा वायरिंगवर घ्यावा. टर्नटेबलची अर्थची बारीक वायर सुटलेली असणं, हे त्याचं नेहमीचं कारण. म्हणून सगळी बाहेरची यंत्रं काढून मगच ऐकावं.

दुसरा प्रश्न, व्हॉल्यूम शून्यावर नेला तर घूं जातो का? गेला तर बिघाड व्हॉल्यूमच्या बटणाच्या आधीच्या भागात आहे. तसाच राहिला तर नंतरच्या भागात, किंवा वीज पुरवणाऱ्या भागात. वहिनींच्या सेटमध्ये तो तसाच राहिला.

तिसरा प्रश्न, दोन्ही स्पीकरमध्ये सारखाच आहे का? सारखा असेल तर दोन्ही बाजूंना सामाईक असलेली गोष्ट, म्हणजे वीजपुरवठा, दोषी. एकाच बाजूला असेल तर त्या बाजूचा अँप्लिफायर. इथे दोन्हीकडे सारखाच होता.

याशिवाय वहिनींच्या सेटमध्ये डावी बाजू थोडी बारीक आणि पोकळ वाजत होती, तबल्याचा डग्गा जणू दुसऱ्या खोलीत ठेवलाय अशी. हेही सुकलेल्या कपॅसिटरचं लक्षण आहे, पण वेगळ्या जागच्या. एका टप्प्यातून दुसऱ्या टप्प्यात आवाज पोचवणारे छोटे कपॅसिटर असतात. ते सुकले की आधी खर्ज आटतो, मग एकूण आवाज.

आणि जे कपॅसिटरचं लक्षण नाही, तेही सांगून ठेवतो. बटण फिरवताना खरखर होणं, स्पीकरचं बटण हलवलं की एक बाजू परत येणं, ही बहुतेक वेळा धूळ आणि काळवंडलेले संपर्क. साफ करणाऱ्या स्प्रेने भागतं. डायलचा दिवा गेला तर तो फक्त दिवा गेलाय.

मोठे डबे निर्दोष ठरले

या तीन उत्तरांवरून कुणीही म्हणेल की आतले दोन मोठे कपॅसिटर गेले. मुठीएवढे, 10,000 मायक्रोफॅरडचे ते दोन डबे उघडल्या उघडल्या दिसतात. त्यांना फिल्टर कपॅसिटर म्हणतात आणि घूं ऐकला की पहिलं बोट त्यांच्याकडेच जातं. दुकानदारानेही तेच म्हटलं होतं आणि ते आता मिळत नाहीत म्हणून भंगाराचा सल्ला दिला होता.

पण त्या काळच्या बऱ्याच रिसीव्हरच्या मागे एक सोय असते, ती कुणी वापरत नाही. 'प्री आउट' आणि 'मेन इन' अशा शेजारी शेजारी सॉकेटच्या दोन जोड्या असतात आणि त्या धातूच्या यू आकाराच्या दोन पिनांनी जोडलेल्या असतात. या पिना म्हणजे प्रीअँप्लिफायर आणि पॉवर अँप्लिफायर यांच्यामधला पूल. सेट बंद करून, मिनिटभर थांबून दोन्ही पिना काढायच्या. 'मेन इन'मध्ये आतून शॉर्ट केलेले प्लग लावायचे, नाहीतर उघडं सॉकेट हवेतूनच घूं पकडतं. मग सेट चालू करायचा.

आम्ही तसं केलं, आणि स्पीकर गप्प झाले.

आता विचार करा. मोठे डबे पॉवर अँप्लिफायरला वीज पुरवतात. पॉवर अँप्लिफायर तर चालूच होता, आणि शांत होता. म्हणजे मोठे डबे आपलं काम करत होते. घूं प्रीअँप्लिफायरकडून पुलावरून येत होता. टोनचे टप्पे या सेटमध्ये व्हॉल्यूमच्या बटणानंतर येतात, म्हणून व्हॉल्यूम शून्यावर नेऊनही तो जात नव्हता. वहिनी म्हणाल्या, "म्हणजे भंगारात नको?" मी म्हटलं, "अजून नाही."

पेटी उघडल्यावर

पुढचं काम दम्मामच्या एका मल्याळी तंत्रज्ञाचं. तीस-पस्तीस वर्षं तो हेच करतोय. त्याने झाकण काढलं आणि बराच वेळ काहीच केलं नाही, फक्त टॉर्चने पाहत राहिला.

पाहताना दोन गोष्टी फसवतात. पहिली, जुन्या कपॅसिटरच्या बुडाशी तपकिरी डाग दिसतो आणि आपल्याला वाटतं तो गळलाय. त्या काळच्या जपानी सेटमध्ये डबे हलू नयेत म्हणून पिवळसर गोंद लावत. तो गोंद उष्णतेने तपकिरी होतो. म्हणजे डाग असूनही डबा चांगला असू शकतो. पण हा गोंद तसा निरुपद्रवी नाही. काळा पडला की तो शेजारच्या तारा खातो आणि थोडी वीजही वाहू देतो, म्हणून तो खरवडून काढावाच लागतो. दुसरी गोष्ट, डब्याचं डोकं फुगलेलं नसलं म्हणजे तो चांगला असं नाही. नुसता सुकलेला कपॅसिटर बाहेरून अगदी निरोगी दिसतो. फुगलेलं डोकं किंवा बाहेर आलेलं बूच दिसलं तर तो नक्की गेला. उलटं मात्र खरं नाही.

त्यामुळे खरा निवाडा मीटरचा. कपॅसिटरचा अंतर्गत रोध मोजणारं ईएसआर मीटर त्याच्याकडे होतं. त्याचा फायदा असा की बहुतेक वेळा डबा बोर्डवरून न काढताच अंदाज येतो. साठवण मोजायची तर मात्र डबा काढावा लागतो. नुसत्या साठवणीवरही विसंबू नये. ज्यातून वीज झिरपते असा जुना कपॅसिटर साध्या मीटरवर लिहिल्यापेक्षा जास्तच आकडा दाखवतो, आणि आपण खूश होतो.

दोन मोठ्या डब्यांचे आकडे आले 8,900 आणि 9,300 मायक्रोफॅरड, रोध अगदी कमी. तिशी-चाळिशी ओलांडलेल्या डब्यांसाठी उत्तम. मग त्याने वीजपुरवठ्याच्या छोट्या बोर्डवर बोट ठेवलं. तिथे एक जाड रेझिस्टर होता, त्याच्याखाली बोर्ड जळून चॉकलेटी झाला होता, आणि रेझिस्टरला अगदी खेटून एक छोटा कपॅसिटर होता. लिहिलेला आकडा 100 मायक्रोफॅरड. काढून मोजला, 30 भरला.

या छोट्या डब्यातून निघालेली वीज पुढे रेग्युलेटरकडे जाते आणि तिथून प्रीअँप्लिफायरला. हिशोब सोपा आहे. हा भाग साधारण 30 मिलिअँपियर वीज घेतो. कपॅसिटर पूर्ण 100 चा असेल तर सौदीच्या विजेवर दोन भरण्यांच्या मधल्या वेळात त्यावरचा दाब साधारण अडीच व्होल्टने खाली येतो. रेग्युलेटर तेवढी दरी सहज झाकतो. 30 वर आलेल्या कपॅसिटरवर हीच दरी सव्वाआठ व्होल्टची होते. रेग्युलेटरकडे तेवढी शिल्लक नसते, दरीचा तळ तसाच पुढे जातो, आणि आपण म्हणतो सेट घूं करतोय.

छोटा आधी का जातो

तंत्रज्ञ म्हणाला, मोठे डबे क्वचित जातात, गरम शेजार असलेले छोटे आधी जातात. याचं कारण कागदावर मांडता येतं.

इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचा ठोकळ नियम असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं होतं. समजा एखाद्या डब्याचं आयुष्य 85 अंशांना 2,000 तास दिलंय. मोठे डबे उघड्या जागेत उभे असतात, चालू सेटमध्ये ते धरा 45 अंशांवर. चाळीस अंशांचा फरक म्हणजे आयुष्य चार वेळा दुप्पट, 32,000 तास. रोज चार तास सेट वाजला तर ही बावीस वर्षं झाली. रेझिस्टरला खेटलेला छोटा डबा धरा 75 अंशांवर. त्याचे तास फक्त 4,000, म्हणजे तीन वर्षांपेक्षाही कमी. प्रत्यक्षात दोन्ही याहून खूप जास्त टिकतात, कारण कारखान्याच्या हिशोबात 'आयुष्य संपलं' म्हणजे ठरावीक मर्यादेपलीकडे उतरलं, पूर्ण मेलं असं नाही. पण दोघांमधला आठपटींचा फरक खरा आहे, आणि तपासणी कुठून सुरू करावी हे तोच सांगतो: पेटीत जिथे सर्वांत गरम, तिथून.

नागपूरचा प्रश्न

वहिनींचा मूळ प्रश्न नागपूरला न्यायचा की नाही, हा होता. त्यात वाचकांपैकी अनेकांना रस असेल, कारण सेट इकडून तिकडे जातातच.

सौदीत 60 हर्ट्झ, भारतात 50. म्हणजे भारतात दोन भरण्यांमधलं अंतर वीस टक्क्यांनी वाढतं, आणि तेवढीच दरी खोल होते. वरच्याच उदाहरणात सव्वाआठची दहा होते. म्हणून असं घडतं की खोबरला जेमतेम शांत असलेला सेट गावी नेल्यावर घूं करू लागतो, आणि लोक म्हणतात प्रवासात आदळला. प्रवासात काही झालेलं नसतं. इथे सीमेवर असलेला कपॅसिटर तिथे सीमेपलीकडे गेलेला असतो.

यावर दोन गोष्टी पाहायच्या. मागच्या पट्टीवर 50/60 हर्ट्झ असं लिहिलेलं हवं. नुसतं 60 लिहिलं असेल तर त्या सेटचा ट्रान्सफॉर्मर 50 वर जास्त तापतो, आणि व्होल्टेजचा कन्व्हर्टर लावून ही अडचण जात नाही, कारण साधा कन्व्हर्टर दाब बदलतो, हर्ट्झ नाही. दुसरं, भारतात खुंटी 240 वर ठेवायची. वहिनींच्या सेटवर 50/60 होतं.

त्याने काय बदललं, काय सोडलं

एकच कपॅसिटर बदलून घूं गेला असता. पण त्याच बोर्डवरचे बाकीचे सात त्याच उष्णतेत तितकीच वर्षं बसलेले होते. म्हणून तंत्रज्ञ साधारणपणे एक-एक डबा न बदलता बोर्डवरचे सगळेच इलेक्ट्रोलिटिक बदलतो. वहिनींच्या सेटमध्ये असं झालं.

वीजपुरवठ्याचा बोर्ड पूर्ण, आठ कपॅसिटर. हे पहिलं काम, जवळपास प्रत्येक जुन्या सेटमध्ये. मग स्पीकर वाचवणाऱ्या रिलेच्या बोर्डवरचे. चालू केल्यावर काही सेकंदांनी जो टक् आवाज येतो, त्याची वेळ हेच ठरवतात. त्यानंतर दोन्ही पॉवर अँप्लिफायरच्या बोर्डवर, आवाज जिथून आत येतो तिथला छोटा, आणि फीडबॅकच्या मार्गातला जरा मोठा. डावी बाजू पोकळ वाजत होती त्याचं कारण इथेच, आत येण्याच्या जागचा 2.2 मायक्रोफॅरडचा डबा. शेवटी टोन आणि फोनोच्या बोर्डवरचे आवाज पोचवणारे. सगळे मिळून एकतीस.

जे सोडलं ते तितकंच महत्त्वाचं. मोठे दोन डबे मोजून चांगले निघाले, म्हणून ठेवले. चपटे सिरॅमिक, पॉलिस्टरचे आणि इतर द्रव नसलेले कपॅसिटर सुकतच नाहीत, त्यांना हात लावला नाही. ट्यूनरचा भाग पूर्ण सोडला, कारण तो नीट स्टेशन पकडत होता, आणि तिथे उगाच काही हललं तर पुन्हा जुळवायला वेगळी उपकरणं लागतात. 'सगळे कपॅसिटर बदलतो' असं कुणी आनंदाने सांगितलं, तर कुठले आणि का, हे विचारा.

बदलताना पाळायचे नियम थोडेच आहेत. साठवण तीच, व्होल्ट तेवढेच किंवा थोडे जास्त, आणि 85 ऐवजी 105 अंशांचा डबा. 1 मायक्रोफॅरडसारख्या लहान जागी हल्ली फिल्मचा कपॅसिटर बसतो, तो पुन्हा सुकण्याचा प्रश्नच नाही. काही डब्यांना अधिक-उणे नसतं, म्हणजे ते नॉनपोलर असतात. तिथे साधा डबा लावायचा नाही. आणि साध्या डब्याची दिशा चुकली तर तो फुटतो, म्हणून तो एकेक काढून लगेच नवा लावत होता, सगळे काढून मग सगळे लावायचे असं नाही. मोठे डबे बदलावेच लागले, तर 10,000 च्या जागी 12,000 चालतो, पण दुप्पट नको. चालू करताना पहिला झटका डायोड आणि स्विचला सोसावा लागतो. नवे डबे जुन्यांपेक्षा आकाराने लहान असतात, ते पाहून फसवलं असं समजू नका. फसवणूक वेगळीच असते. निचिकॉन, पॅनासोनिक, रुबीकॉन अशा नावांचे नकली डबे बाजारात फिरतात, म्हणून तो माल ठरावीक वितरकाकडूनच मागवतो. त्यात दहा दिवस गेले.

काम संपल्यावर त्याने रेग्युलेटरच्या पुढची लाट मोजली. आधी पाऊण व्होल्ट होती, आता दोन मिलिव्होल्ट. मग स्पीकरच्या टोकांवर उरणारा डीसी दाब मोजला. तो 50 मिलिव्होल्टच्या आत असावा अशी साधारण अपेक्षा असते. डाव्या बाजूला आधी 64 होता, आता 17. झिरपणारा 2.2 चा डबा तेही करत होता. शेवटी तासभर गरम करून दोन्ही बाजूंचा बायस कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलप्रमाणे लावला. एवढं केल्याशिवाय दुरुस्ती पूर्ण होत नाही. सुट्या भागांचा खर्च मजुरीपेक्षा बराच कमी आला.

तुम्ही सेट दुरुस्तीला दिलात तर तीनच गोष्टी मागा: काढलेले डबे एका पिशवीत परत, कुठला कुठे बदलला त्याची यादी, आणि आधीचे व नंतरचे आकडे. चांगला तंत्रज्ञ याने रागावत नाही. स्वतः मात्र झाकण काढू नका. त्या एका मोठ्या डब्यात 40 व्होल्टला आठ ज्यूल ऊर्जा बसलेली असते, आणि प्लग काढल्यावरही ती बराच वेळ राहते. तंत्रज्ञ ती रेझिस्टरमधून उतरवतो. पान्याने किंवा स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करणाऱ्याच्या हाताजवळ ठिणगी उडते आणि डब्याचंही नुकसान होतं. आणि आत भिंतीची 230 व्होल्टची वीज उघड्या टोकांवर असतेच.

सेट परत आला त्या संध्याकाळी वहिनींनी तो लावला आणि व्हॉल्यूम शून्यावर ठेवून बराच वेळ स्पीकरला कान लावून बसल्या. मुलगा म्हणाला, "आई, अगं गाणं लाव की." त्या म्हणाल्या, "थांब, आधी काही ऐकू येत नाही ना, ते ऐकू दे." मग त्यांनी मित्राच्या कॅसेटच्या खोक्यातून एक कॅसेट काढली. डग्गा त्याच खोलीत होता.

काढलेले एकतीस डबे एका पारदर्शक पिशवीत माझ्याकडे आहेत. 100 चा तो 30 झालेला डबा त्यांतच आहे. दिसायला तो इतरांपेक्षा जास्त चकचकीत आहे. रिसीव्हर नागपूरच्या सामानात, पहिल्या खोक्यात गेला. आत खुंटीच्या शेजारी मी चिठ्ठी चिकटवली आहे: 'लावण्याआधी 240 वर करा.'